समीक्षकांच्या शेऱ्यांना मुद्देसूद उत्तर कसे लिहावे: पुनःसादरीकरण करणाऱ्या नव्या संशोधकांसाठी

शोधनिबंध जर्नलकडे पाठवल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी संपादकांचे पत्र येते. त्यात ‘मेजर रिव्हिजन’ असा निर्णय असेल तर पत्राखाली दोन-तीन समीक्षकांचे, म्हणजे रिव्ह्यूअरांचे, शेरे जोडलेले असतात. सुधारलेल्या निबंधासोबत प्रत्येक शेऱ्याला उत्तर देणारा एक स्वतंत्र दस्तऐवज द्यावा लागतो, त्याला या लेखात उत्तरपत्र म्हटले आहे. हे उत्तरपत्र समीक्षकांना उद्देशून लिहिलेले असले तरी त्यावर निर्णय संपादक घेतात. त्यांना तुमच्या विषयातील प्रत्येक बारकावा माहीत असेलच असे नाही, आणि समीक्षक व लेखक यांच्यात मतभेद असेल तेव्हा त्यांच्यासमोर पुरावा म्हणून बहुधा हाच दस्तऐवज असतो. म्हणून निबंध पुन्हा न उघडताही समजेल अशा रीतीने प्रत्येक उत्तर लिहावे लागते.

पुढील विवेचन एकाच उदाहरणाच्या आधारे केले आहे. उदाहरण रचलेले आहे, मात्र त्यातील आकडेमोड खरी आहे आणि त्यात येणारे आक्षेप वैद्यकीय संशोधनात वारंवार येतात. समजा, किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळीसोबत लिंबाचे सरबत दिल्यास हिमोग्लोबिन अधिक वाढते का, हे तुम्ही तपासले. २२० मुलींची यादृच्छिक वाटणी केली. ११० जणींनी गोळी सरबतासोबत घेतली आणि ११० जणींनी पाण्यासोबत. सोपेपणासाठी मधेच कोणी गळाले नाही असे धरू. सरबताने निदान ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी जास्तीची वाढ झाली तरच ते कार्यक्रमात आणण्याजोगे आहे, असे तुम्ही आधीच ठरवले होते, आणि तेवढा फरक ८० टक्के पॉवरने पकडण्यासाठी, प्रमाण विचलन १.३ धरून, प्रत्येक गटात १०७ मुली लागतील असे गणित मांडले होते. सहा महिन्यांनी दोन गटांतील फरक फक्त ०.१ आढळला. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.२५ ते ०.४५ असा आला आणि पी-मूल्य ०.५७ आले. निबंधाच्या निष्कर्षात तुम्ही लिहिले, ‘लिंबाच्या सरबताचा हिमोग्लोबिनवर काहीही परिणाम होत नाही.’

यावर दुसऱ्या समीक्षकांचा शेरा असा आला: ‘निकाल लक्षणीय नाही, आणि जीवनसत्त्व क मुळे लोहाचे शोषण वाढते हे सर्वज्ञात असताना लेखकांचा निष्कर्ष आश्चर्यकारक आहे. आढळलेल्या फरकावरून पोस्ट-हॉक पॉवर काढून ती द्यावी, आणि ती ८० टक्क्यांहून कमी असल्यास अभ्यास अपुऱ्या नमुन्याचा होता हे मान्य करावे. तक्ता १ मध्ये दोन गटांच्या सुरुवातीच्या तुलनेची पी-मूल्येही दिसत नाहीत.’

पहिले काम: शेरे सुटे करणे

पत्र आल्या दिवशी एकही उत्तर लिहू नये. पत्र पूर्ण वाचावे, पुनःसादरीकरणाची अंतिम तारीख टिपून ठेवावी, सर्व सहलेखकांना पत्र पाठवावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाचावे. पहिल्या वाचनात अपमानास्पद वाटलेला शेरा दुसऱ्या वाचनात पुष्कळदा साधा प्रश्न निघतो.

त्यानंतर एका नव्या दस्तऐवजात सगळे शेरे जसेच्या तसे उतरवावेत. ते आपल्या शब्दांत मांडू नयेत आणि संक्षिप्तही करू नयेत, कारण समीक्षक आपला शेरा ओळखू शकले नाहीत तर टाळाटाळ झाली असा त्यांचा समज होतो. मग एकेका परिच्छेदातील वेगवेगळ्या मागण्या सुट्या करून त्यांना क्रमांक द्यावेत. वरचा शेरा तीन वाक्यांचा दिसतो, पण त्यात चार मुद्दे आहेत: निष्कर्ष आश्चर्यकारक आहे (२.१), पोस्ट-हॉक पॉवर द्यावी (२.२), अभ्यास अपुरा असल्याचे मान्य करावे (२.३) आणि तक्ता १ मध्ये पी-मूल्ये घालावीत (२.४). नवे लेखक सर्वाधिक चुकतात ते इथेच. चारपैकी दोन मुद्द्यांना उत्तर दिले जाते, उरलेले दोन परिच्छेदात दडून राहतात, आणि पुढच्या फेरीत समीक्षक ‘माझ्या आक्षेपांकडे लक्ष दिलेले नाही’ असे लिहितात, ते रास्तच असते. संपादकांनी पत्रात स्वतःचे काही मुद्दे मांडले असतील तर त्यांची उत्तरे सर्वांत वर यावीत.

प्रत्येक मुद्द्यापुढे एका शब्दात निर्णय लिहावा: मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य. हा निर्णय सहलेखकांनी एकत्र बसून घ्यावा, कारण संख्याशास्त्रज्ञ सहलेखकाला न विचारता पहिल्या लेखकाने एखादे चुकीचे विश्लेषण मान्य करून टाकले तर नंतर ते मागे घेणे अवघड जाते. अमान्य मुद्द्यांची संख्या फार वाढली तर यादी पुन्हा तपासावी. माझ्या अनुभवात वीस-पंचवीस मुद्द्यांच्या यादीत खरोखर नाकारण्यासारखे दोन-तीनच निघतात, आणि बाकीचे उदारपणे मान्य केलेले असले की त्या दोन-तीन नकारांना वजन येते.

चिंता आणि उपाय वेगळे करणे

समीक्षकांचा शेरा चुकीचा वाटला की आधी त्याचे दोन भाग करावेत. एक भाग म्हणजे त्यांना निबंधात खटकलेली गोष्ट, आणि दुसरा म्हणजे तिच्यावर त्यांनी सुचवलेला उपाय. पुष्कळदा उपाय चुकीचा असतो, पण चिंता खरी असते. मुद्दा २.२ हे याचे नेमके उदाहरण आहे.

पॉवर म्हणजे एखादा ठरावीक आकाराचा फरक प्रत्यक्षात असेल तर तो आपल्या अभ्यासात लक्षणीय म्हणून पकडला जाण्याची शक्यता. ती अभ्यासाआधी, आपल्याला महत्त्वाचा वाटणारा फरक धरून काढायची असते. अभ्यास संपल्यावर, आढळलेला फरक हाच खरा फरक आहे असे धरून काढलेली पॉवर कोणतीही नवी माहिती देत नाही, कारण एका ठरावीक कसोटीसाठी ती पी-मूल्यावरूनच ठरते. पी-मूल्य नेमके ०.०५ आले तर अशी पॉवर सुमारे ५० टक्के निघते, आणि पी-मूल्य वाढत जाते तशी ती घटत जाते. याचा अर्थ असा की लक्षणीय नसलेल्या प्रत्येक निकालाची पोस्ट-हॉक पॉवर सुमारे ५० टक्क्यांहून कमीच निघणार, मग अभ्यास कितीही मोठा असो. ८० टक्क्यांची अट लावली तर लक्षणीय फरक न आढळलेला प्रत्येक अभ्यास अपुरा ठरेल. ही चूक होनिग आणि हायसी यांनी २००१ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या जर्नलमध्ये सविस्तर दाखवून दिली आहे, तरीही ही मागणी आजही येते.

आपल्या उदाहरणात हे गणित केले तर पोस्ट-हॉक पॉवर सुमारे ९ टक्के निघते. हा आकडा निबंधात छापला तर वाचक म्हणेल की या अभ्यासातून काहीच कळत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ काही कळते, कारण कॉन्फिडन्स इंटरव्हलचे वरचे टोक ०.४५ आहे आणि आधी ठरवलेला उपयुक्त फरक ०.५ होता. म्हणजे कार्यक्रमात आणण्याजोगा फायदा या आकडेवारीशी जुळत नाही. चुकीचा उपाय मान्य केला असता तर आपल्या अभ्यासातील सर्वांत उपयोगी माहिती आपल्याच हाताने झाकली गेली असती. निबंधावर नाव समीक्षकांचे नसते, तुमचे असते, म्हणून संपादक नाराज होतील या भीतीने असे विश्लेषण घालू नये.

तरीही समीक्षकांची चिंता खरी आहे. लक्षणीय फरक न आढळणे हा फरक नसल्याचा पुरावा नसतो, आणि ‘काहीही परिणाम होत नाही’ हे तुमचे वाक्य आकडेवारीच्या पलीकडे गेले होते. ०.४५ पर्यंतची वाढ किंवा ०.२५ पर्यंतची घट या अभ्यासाने नाकारलेली नाही. हे आधी मान्य करावे, निबंधातील वाक्य बदलावे, आणि मगच पोस्ट-हॉक पॉवर नाकारावी.

नकाराचे उत्तर कसे रचावे

उत्तरपत्र बहुधा इंग्रजीतच लिहावे लागते. येथे मसुदा मराठीत दिला आहे, कारण शब्दांपेक्षा वाक्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. मुद्दा २.२ आणि २.३ यांचे उत्तर असे लिहिता येईल:

> लक्षणीय फरक न आढळणे हा फरक नसल्याचा पुरावा नव्हे, हा समीक्षकांचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. पहिल्या मसुद्यातील आमचा निष्कर्ष या मर्यादेपलीकडे गेला होता, आणि तो आम्ही बदलला आहे.
>
> आढळलेल्या फरकावर आधारित पॉवर मात्र आम्ही दिलेली नाही. अशी पॉवर पी-मूल्यावरूनच ठरते आणि लक्षणीय नसलेल्या निकालांत ती नेहमीच कमी निघते, त्यामुळे नमुना पुरेसा होता की नाही याचा तिच्यावरून निवाडा होत नाही (होनिग आणि हायसी, २००१). नमुन्याचे गणित आम्ही अभ्यासाआधी ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर फरकासाठी केले होते आणि ते चाचणीच्या पूर्वनोंदणीत आहे. ते आता पद्धती विभागात सविस्तर दिले आहे. निकालाची अनिश्चितता वाचकाला दिसावी म्हणून सारांशात आणि चर्चेत कॉन्फिडन्स इंटरव्हल जोडला आहे.
>
> बदललेला मजकूर (पान ११, ओळी २४२–२४६): ‘सरबतासोबत गोळी घेतल्याने हिमोग्लोबिनमध्ये ०.१ ग्रॅम प्रति डेसिलिटर (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.२५ ते ०.४५) इतका फरक आढळला. पूर्वनिश्चित ०.५ ग्रॅमचा फायदा या निकालाशी सुसंगत नाही. याहून लहान फायदा किंवा तोटा मात्र या अभ्यासावरून नाकारता येत नाही.’

या उत्तरात आधी मान्य असलेला भाग येतो आणि त्यामुळे झालेला बदल सांगितला जातो. मग नकार एका सरळ वाक्यात येतो, त्यामागे कारण आणि पडताळता येणारा संदर्भ येतो, पाठोपाठ समीक्षकांच्या चिंतेवर दिलेला पर्याय येतो आणि शेवटी बदललेला मजकूर जागेसह येतो. पूर्वनोंदणीचा उल्लेख इथे फार उपयोगी पडतो. भारतातील चाचणी सीटीआरआय या नोंदणीत आधीच नोंदवलेली असेल तर त्यातील नमुनासंख्या संपादकांना स्वतः पाहता येते, आणि ‘हे गणित निकाल पाहून मागाहून केले’ अशी शंका उरत नाही.

नकाराच्या वाक्याची भाषा जपून निवडावी. ‘हे विश्लेषण करणे शक्य झाले नाही’ असे लिहू नये, कारण ते शक्य होते, तुम्ही ते जाणूनबुजून केले नाही. असे लिहिले तर संपादक ‘मग आता करा’ असे सांगू शकतात, आणि ते टाळायला तुमच्याकडे कारण उरत नाही. ‘समीक्षकांचा गैरसमज झाला आहे’ किंवा ‘समीक्षकांना ही संकल्पना माहीत नसावी’ अशी वाक्येही लिहू नयेत. वाक्याचा कर्ता समीक्षक नव्हे, तर पद्धत असावी: ‘अशी पॉवर पी-मूल्यावरूनच ठरते.’ आपल्याकडे गुरुजनांशी बोलताना अंगवळणी पडलेले अतिनम्र बोल, ‘आदरणीय समीक्षकांच्या अत्यंत मौल्यवान आणि अभ्यासपूर्ण सूचनेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत’ असे, प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला लिहिले की पुढचा नकार उगाच कपटी वाटू लागतो. आभार उत्तरपत्राच्या आरंभी एकदाच मानावेत, आणि एखाद्या शेऱ्यामुळे निबंध खरोखर सुधारला असेल तर तिथे नेमके काय सुधारले हे सांगून पुन्हा मानावेत.

दुसरा नकार, आणि एक गैरसमज

मुद्दा २.४ मधील मागणी दिसायला निरुपद्रवी आहे, त्यामुळे ती मान्य करून टाकण्याचा मोह होतो. तक्ता १ मध्ये सुरुवातीचे वय, वजन आणि हिमोग्लोबिन दोन गटांसाठी दिलेले असते. वाटणी यादृच्छिक आणि नीट झाली असेल तर तिथे दिसणारा कोणताही फरक योगायोगानेच आलेला असतो, त्यामुळे तो योगायोगाने आला की नाही हे पी-मूल्याने तपासण्याला अर्थ उरत नाही. अशा कसोट्या टाळाव्यात असे यादृच्छिक चाचण्यांच्या मांडणीसाठी असलेल्या ‘कन्सॉर्ट’ मार्गदर्शिकेच्या २०१० सालच्या आवृत्तीच्या स्पष्टीकरणात म्हटलेले आहे. बहुतेक वैद्यकीय जर्नले ही मार्गदर्शिका पाळायला सांगतात, म्हणून इथे तिचा हवाला दिला की नकार तुमचा एकट्याचा राहत नाही. ज्या अभ्यासात यादृच्छिक वाटणी नव्हती, तिथे मात्र हे उत्तर चालणार नाही. तिथे गटांतील सुरुवातीच्या फरकांना पद्धतशीर कारण असू शकते आणि ते कसे हाताळले हे सांगावेच लागते.

याही शेऱ्यामागची चिंता पाहावी. बहुधा दोन गटांतील सुरुवातीच्या हिमोग्लोबिनमध्ये समीक्षकांना फरक दिसला असेल. सुरुवातीचे हिमोग्लोबिन जमेस धरून केलेले विश्लेषण तुमच्या मूळ आराखड्यात असेल तर तसे सांगावे. नसेल तर ते पूरक विश्लेषण म्हणून करावे, निबंधात ‘हे समीक्षणानंतर केले’ असे स्पष्ट लिहावे, आणि आकडा कोणताही आला तरी द्यावा.

मुद्दा २.१ मध्ये समीक्षक वेगळ्या अर्थाने चुकत आहेत. जीवनसत्त्व क मुळे लोहाचे शोषण वाढते हे खरे आहे, पण एका वेळच्या शोषणातील वाढ आणि सहा महिन्यांनंतरचे हिमोग्लोबिन या वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक निबंधात कुठेच सांगितलेला नव्हता, म्हणजे गैरसमजाला जागा तुम्हीच ठेवली होती. अशा ठिकाणी ‘हे पान ४ वर दिलेच आहे’ असे उत्तर देऊ नये, ते तिथे खरोखर असले तरीही. विषयाच्या जाणकाराला जे दिसले नाही ते वाचकालाही दिसणार नाही. परिच्छेदाची मांडणी बदलावी आणि ‘हा भेद पुरेसा स्पष्ट नव्हता, तो आता चर्चेच्या दुसऱ्या परिच्छेदात मांडला आहे’ असे लिहावे.

दोन समीक्षकांच्या मागण्या परस्परविरोधी असतील, उदाहरणार्थ एकाने चर्चा वाढवायला आणि दुसऱ्याने कमी करायला सांगितली असेल, तर एक मार्ग निवडून दोघांच्याही उत्तरांत दुसऱ्याच्या मुद्द्याचा क्रमांक द्यावा आणि संपादकांच्या पत्रात निवडीचे कारण एका वाक्यात सांगावे. एखाद्या समीक्षकांनी एकाच संशोधकाचे पाच-सहा निबंध संदर्भांत घालायला सांगितले, आणि त्यांचा तुमच्या विषयाशी संबंध नसला, तर संबंधित असलेला एखादाच घ्यावा आणि उरलेल्यांबद्दल संपादकांना खासगी पत्रात कळवावे. समीक्षकांनी केवळ स्वतःचे उल्लेख वाढवण्यासाठी संदर्भ सुचवू नयेत, असे कोप या प्रकाशन-नीतीविषयक समितीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यामुळे या तक्रारीत वावगे काही नाही, पण आरोपाची भाषा टाळून मागणी काय आहे तेवढेच मांडावे.

निबंध आधी, उत्तरपत्र नंतर

उत्तरांचा कच्चा मसुदा आधी लिहिला तरी त्याला शेवटचे रूप निबंध पूर्ण बदलून झाल्यावरच द्यावे. ‘आम्ही हे बदलले आहे’ असे उत्तरपत्रात आणि निबंधात जुनेच वाक्य, ही चूक गडबडीत सहज होते. ती समीक्षकांना सापडली की त्यांचा बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उत्तमोत्तम स्पष्टीकरण फक्त उत्तरपत्रात राहणे. ते समीक्षकांना आवश्यक वाटले तर वाचकालाही लागेल, म्हणून त्याचे एक-दोन वाक्यांचे रूप निबंधात गेले पाहिजे.

ओळींचे क्रमांक सर्वांत शेवटी भरावेत, कारण प्रत्येक दुरुस्तीबरोबर ते सरकतात. वर्डमध्ये Layout → Line Numbers → Continuous असे निवडावे. बदल दाखवणारी प्रत आणि स्वच्छ प्रत यांतील ओळी जुळत नाहीत, म्हणून कोणत्या प्रतीचे क्रमांक दिले आहेत हे उत्तरपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे. लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांना बदल दाखवणारी प्रत अशी तयार करता येते:

```
latexdiff old.tex new.tex > diff.tex
```

एखादा आकडा बदलला असेल तर तो सारांश, निकाल, तक्ता, चर्चा आणि पुरवणी अशा पाचही ठिकाणी शोधून तपासावा. सारांशातला जुना आकडा राहून जाणे फार सर्रास घडते. समीक्षकांनी न सांगितलेली चूक तुम्हालाच सापडली असेल तर तीही उत्तरपत्राच्या शेवटी ‘लेखकांनी स्वतः केलेले बदल’ अशा मथळ्याखाली नोंदवावी.

पुढच्या फेरीत समीक्षकांनी पोस्ट-हॉक पॉवरची मागणी पुन्हा केली, तर जुनेच उत्तर अधिक जोरात लिहून उपयोग होत नाही. समीक्षकांच्या मुद्द्यावर तीन-चार ओळींत तेच कारण सांगावे आणि संपादकांच्या पत्रात विनंती करावी: ‘या एका मुद्द्यावर आमचे आणि समीक्षकांचे मत भिन्न आहे. जर्नलच्या संख्याशास्त्रीय संपादकांनी यावर मत द्यावे, ते आम्हाला मान्य असेल.’ हे शेवटचे आश्वासन मनापासून द्यावे. संख्याशास्त्रीय संपादकांनी एखादे वेगळे, योग्य विश्लेषण सुचवले तर ते करावे. तेही पोस्ट-हॉक पॉवरच मागत असतील तर ती देऊन तिच्या मर्यादा त्याच परिच्छेदात लिहायच्या, की निबंध मागे घेऊन दुसरीकडे पाठवायचा, हे सहलेखकांनी मिळून ठरवावे.

पाठवण्यापूर्वी उत्तरपत्र प्रकल्पाबाहेरच्या एका सहकाऱ्याला, निबंध न देता, वाचायला द्यावे. ‘प्रत्येक मुद्द्यावर काय मान्य केले, काय नाकारले आणि का’ हे त्यांना तेवढ्यावरून सांगता आले नाही, तर जिथे ते अडखळले तेच उत्तर पुन्हा लिहावे.